घटक ४ : प्रबंधाची विद्यापीठीय मांडणी – समास, ओळींतील अंतर, पृष्ठक्रमांक आणि प्रारंभिक पृष्ठांचा क्रम

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• लिहून पूर्ण झालेला प्रबंध विद्यापीठाच्या नियमांनुसार कोणत्या क्रमाने मांडावा, हे सांगता येईल.
• समास व ओळींतील अंतर बदलल्याने पृष्ठसंख्या किती वाढेल, याचा अंदाज काढता येईल.
• प्रारंभिक पृष्ठे आणि मुख्य मजकूर यांना स्वतंत्र पृष्ठक्रमांक देता येतील.
• मांडणी बदलल्यामुळे प्रबंधातील कोणते संदर्भ खोटे ठरतात, ते शोधून दुरुस्त करता येतील.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण विषयाची निवड, साधनसामग्रीचे संकलन आणि प्रकरणांचे लेखन यांचा विचार केला. या घटकात लेखनानंतरच्या टप्प्याकडे वळू. मजकूर तयार आहे, मार्गदर्शकांनी तो वाचून संमती दिली आहे. आता तो विद्यापीठाने घालून दिलेल्या रूपात बसवायचा आहे.

हे रूप विषयावर अवलंबून नसते, विद्यापीठावर अवलंबून असते. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नीरा नदीकाठी वसलेल्या शिरवळचेच उदाहरण पाहा. तेथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे. त्याच परिसरातील कला शाखेचा विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे प्रबंध सादर करील, आणि घरी राहून शिकणारा विद्यार्थी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे. एका गावातील तीन विद्यार्थ्यांना तीन विद्यापीठांचे नियम लागू होतात. म्हणून शेजाऱ्याचा बांधलेला प्रबंध समोर ठेवून त्याची नक्कल करू नये. आपल्या विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या सूचनांची प्रत मिळवावी आणि तीच प्रमाण मानावी.

नियम वेगवेगळे असले, तरी ते अमलात आणण्याचा क्रम मात्र सर्वत्र एकच आहे. तो क्रम चुकला, तर प्रत्येक काम दोनदा करावे लागते. हा क्रम आणि त्यामागील कारण हाच या घटकाचा मुख्य विषय आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नमुन्यादाखल एक प्रबंध

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक काल्पनिक प्रबंध समोर ठेवू. त्याचा विषय आहे ‘शिरवळ परिसरातील स्थलनामांचा भाषिक अभ्यास’. त्यात नीरेच्या दोन्ही काठांवरील गावे, वाड्या, शेते, ओढे आणि माळ यांची नावे गोळा केली आहेत. शिरवळ, नायगाव, लोणंद यांसारखी सर्वांना ठाऊक असलेली नावे त्यात आहेतच, पण केवळ त्या गावच्या माणसांच्या तोंडी असलेली शेतांची आणि पाणवठ्यांची नावेही आहेत. शेवटी सर्व नावांची सूची जोडली आहे.

हा प्रबंध ए-४ आकाराच्या कागदावर टंकलिखित झाला आहे. चारही बाजूंना १ इंच समास आहे. ओळींतील अंतर एकपट आहे. प्रारंभिक पृष्ठे ८ आणि मुख्य मजकूर १६० पृष्ठांचा असून शीर्षकपृष्ठापासून सलग १ ते १६८ असे क्रमांक घातले आहेत.

विद्यापीठाचा नियम असा आहे, असे समजू : डावा समास १.५ इंच, उरलेले तीन समास १ इंच; मजकुराचा टंक १४ बिंदूंचा; ओळींतील अंतर दीडपट, मात्र दीर्घ अवतरणे, तळटीपा आणि तक्ते एकपट; प्रारंभिक पृष्ठांना लघु रोमन अंक, मुख्य मजकुराला १ पासून देवनागरी अंक; क्रमांक पानाच्या तळाशी मध्यभागी. तुमचा नियम याहून वेगळा असू शकेल. तेव्हा आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

४.२.२ कामाचा क्रम आणि त्याचे कारण

पृष्ठक्रमांक हा स्वतंत्र घटक नाही. तो आधीच्या सर्व निर्णयांचा परिणाम असतो. टंक बदलला की ओळीत मावणारे शब्द बदलतात. समास बदलला की ओळीची लांबी बदलते. अंतर बदलले की पानावरील ओळींची संख्या बदलते. या तिन्हींपैकी काहीही हलले की मजकूर पुढे सरकतो आणि एखादे वाक्य कोणत्या पानावर पडेल हे बदलते. अनुक्रमणिका आणि सूची या तर पृष्ठक्रमांकांच्याही नंतरच्या पायरीवर आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम लिपीचे संकेतन व टंक, मग कागद व समास, मग ओळींतील अंतर, मग तक्ते व नकाशे, मग विभाग पाडून पृष्ठक्रमांक, मग प्रबंधांतर्गत संदर्भ, आणि सर्वांत शेवटी अनुक्रमणिका. अनुक्रमणिका आधी तयार करून नंतर समास बदलला, तर अनुक्रमणिकेतील प्रत्येक आकडा चुकीचा होतो, आणि हे कोठेही लाल रेघेने दाखवले जात नाही. परीक्षकाने अनुक्रमणिकेवरून प्रकरण उघडले की मगच ते लक्षात येते.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ धारिकेची एक प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. पुढे शंका आली, तर मूळ शब्द कोणता होता हे त्या प्रतीवरूनच कळते.

४.२.३ पहिली पायरी : लिपीचे संकेतन व टंक

मराठी प्रबंधात ही पायरी इंग्रजी प्रबंधापेक्षा अधिक जोखमीची असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या देवनागरी टंकांत अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. आजही अनेक टंकलेखन केंद्रांत असे टंक वापरले जातात. आपल्या नमुना-प्रबंधाचे तिसरे प्रकरण अशा केंद्रातून करून घेतले आहे, असे समजू. विद्यार्थ्याने सर्व मजकूर निवडून एकदम नवा टंक दिला, तर हे संपूर्ण प्रकरण निरर्थक रोमन अक्षरांत बदलेल.

तपासण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रकरणातील एक शब्द निवडा आणि त्याला Mangal किंवा Kokila हा युनिकोड टंक द्या. शब्द देवनागरीतच राहिला, तर प्रकरण युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरे दिसू लागली, तर लगेच Ctrl+Z ने पूर्ववत करा. ते प्रकरण आधी परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे लागेल.

परिवर्तनानंतरचे वाचन टाळू नये. परिवर्तकाच्या चुका ठरावीक ठिकाणी होतात : रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे होते, ‘पाऱ्या’सारख्या शब्दांतील अर्धा र सुटतो, जोडाक्षर तुटून मध्ये हलन्त दिसतो. सामान्य गद्यात वाचक अशी चूक मनातल्या मनात सुधारून घेतो. स्थलनामांच्या अभ्यासात मात्र नाव हाच पुरावा असतो. एका वाडीच्या नावातील वेलांटी सरकली, तर ते नाव दुसरेच होते. आणि ते नाव अन्य कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नसेल, तर ती चूक पकडण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून सामग्रीतील प्रत्येक नाव क्षेत्रकार्याच्या वहीशी पुन्हा ताडून पाहावे.

टंकाचा आकार ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्डमध्ये रोमन मजकूर आणि देवनागरी मजकूर यांचे टंक व आकार वेगवेगळे नोंदले जातात. Normal या शैलीवर उजवी कळ दाबून Modify, मग Format आणि Font असे गेल्यास Latin text आणि Complex scripts असे दोन भाग दिसतात. देवनागरीला दुसरा भाग लागू होतो. केवळ पहिल्या भागात १४ लिहिले, तर इंग्रजी शब्द वाढतात आणि मराठी मजकूर पूर्वीच्याच आकारात राहतो.

४.२.४ दुसरी पायरी : समास

डावा समास मोठा ठेवण्याचे कारण बांधणीत आहे. पक्क्या बांधणीत पानांची डावी कड शिवली वा चिकटवली जाते, आणि जाड प्रबंध पूर्ण सपाट उघडत नाही. १ इंच समास असेल, तर ओळींची सुरुवातीची अक्षरे पुठ्ठ्याच्या घडीत जातात. दीड इंचामुळे तेवढी जागा बांधणीला देऊनही वाचनीय समास उरतो.

Layout, Margins, Custom Margins या मार्गाने Left येथे 1.5 आणि इतर तीन ठिकाणी 1 लिहावे. Apply to येथे Whole document निवडावे. अन्यथा बदल केवळ एका विभागाला लागू होतो. त्याच चौकटीत Gutter नावाचा रकाना असतो. तो बांधणीची जागा डाव्या समासात मिळवतो. Left येथे दीड इंच देऊन Gutter येथे पुन्हा अर्धा इंच दिला, तर प्रत्यक्षात दोन इंच सुटतात. दोहोंपैकी एकच वापरावा.

आता परिणाम मोजू. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर समास असताना ओळीची लांबी १५९.२ मिलिमीटर होती. डावा समास ३८.१ मिलिमीटर झाल्यावर ती १४६.५ उरते. १५९.२ ला १४६.५ ने भागल्यास १.०९ येतात, म्हणजे केवळ समासामुळे मजकूर सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो.

याच कारणाने पूर्वी पानभर बसलेले तक्ते आता उजव्या समासात सुमारे १३ मिलिमीटर घुसतात. तक्त्यात कर्सर ठेवून Layout मधील AutoFit, AutoFit Window दिल्यास तक्ता नव्या रुंदीत बसतो. मात्र रकाने अरुंद झाल्याने एखादे लांब नाव मध्येच तुटून दोन ओळींत जात नाही ना, हे पाहावे.

४.२.५ तिसरी पायरी : ओळींतील अंतर

‘दीडपट अंतर’ म्हणजे टंकाच्या आकाराच्या दीडपट नव्हे. प्रत्येक टंकाला स्वतःची एक नैसर्गिक ओळ-उंची असते आणि वर्ड त्या उंचीला दीडने गुणतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार येत असल्याने ही उंची बरीच असते, आणि ती टंकागणिक बदलते. Mangal ची ओळ Kokila पेक्षा लक्षणीय उंच आहे. दोन्ही १४ बिंदूंत, दोन्ही दीडपट अंतराने मुद्रित केले, तरी पानावरील ओळींची संख्या सारखी येत नाही. म्हणून टंक आधी निश्चित करावा, हे वर सांगितले.

पृष्ठसंख्या कमी करण्यासाठी काही जण Line spacing येथे Exactly निवडून लहान आकडा लिहितात. असे केल्यास ओळीची उंची बळेच ठरवली जाते आणि उंच मात्रा वरून व उकार खालून कापले जातात. पडद्यावर पुसट दिसणारा हा दोष कागदावर स्पष्ट उमटतो. ‘सू’, ‘कृ’, ‘र्की’ यांसारखी अक्षरे असलेली ओळ मुद्रित करून पाहिली की तो ओळखता येतो. मराठी प्रबंधासाठी 1.5 lines किंवा Double हेच पर्याय वापरावेत.

परिच्छेदानंतरचे अंतर ही वेगळी गोष्ट आहे. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत नवी धारिका उघडताच प्रत्येक परिच्छेदानंतर ८ बिंदूंची जागा आपोआप सुटते. नियमात त्याचा उल्लेख नसेल, तर Spacing मधील After येथे 0 लिहावे आणि परिच्छेदाची सुरुवात आत सरकवून दाखवावी. दोन परिच्छेदांमध्ये Enter दाबून रिकामी ओळ सोडण्याची सवय असेल, तर त्या रिकाम्या ओळीही आता दीडपट उंच होतील. त्या काढून टाकाव्यात.

नमुना-प्रबंधात पूर्वी पानावर ३६ ओळी मावत होत्या. दीडपट अंतरानंतर त्या २४ झाल्या. ३६ भागिले २४ म्हणजे १.५. समासाचे १.०९ आणि अंतराचे १.५ यांचा गुणाकार सुमारे १.६३ येतो. १६० पृष्ठांना १.६३ ने गुणल्यास सुमारे २६० पृष्ठे होतात. तक्ते व अवतरणे एकपट राहणार असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी येईल. नियमात कमाल पृष्ठसंख्या दिली असेल, तर मजकूर कमी करावा लागणार की नाही, हे या एका गुणाकाराने आधीच कळते.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) एका विद्यार्थ्याच्या पानावर पूर्वी ३२ ओळी मावत होत्या, दुप्पट अंतरानंतर १६ मावतात. समास बदललेला नाही. ९० पृष्ठांचा मजकूर किती पृष्ठांचा होईल?
(आ) टंक बदलताच एका प्रकरणातील मजकूर रोमन अक्षरांत दिसू लागला. याचे कारण काय? प्रथम काय करावे?

४.२.६ चौथी पायरी : प्रारंभिक पृष्ठांचा क्रम

प्रारंभिक पृष्ठांचा क्रम पाठ करण्याऐवजी त्यामागील विचार समजून घ्यावा. आधी प्रबंधाची ओळख येते, मग त्याच्या अस्सलपणाची ग्वाही, मग कृतज्ञता, आणि शेवटी वाचकाला लागणारी साधने. आपल्या नमुना-प्रबंधात त्यानुसार शीर्षकपृष्ठ, विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्ते व नकाशे यांची सूची आणि संक्षेप व चिन्हांची सूची अशी पृष्ठे येतील. प्रतिज्ञापत्र आधी की प्रमाणपत्र आधी, याबाबत विद्यापीठांत भेद आढळतो. तेथे आपल्या नियमाचा क्रम पाळावा. नियमात नमुना दिला असेल, तर त्यातील शब्दही तसेच घ्यावेत.

संक्षेप व चिन्हांची सूची शेवटी ठेवण्यास कारण आहे. ती पहिल्या प्रकरणाला लागून आल्याने वाचताना चटकन उलटून पाहता येते. भाषाभ्यासाच्या प्रबंधात ती विशेष उपयोगी पडते.

प्रारंभिक पृष्ठांवरील प्रबंधाचे शीर्षक नोंदणीच्या वेळी मान्य झालेल्या शीर्षकाशी शब्दशः जुळले पाहिजे. शीर्षकपृष्ठावर ‘स्थलनामांचा भाषिक अभ्यास’ आणि प्रमाणपत्रावर ‘स्थाननामांचा भाषिक अभ्यास’ असे असेल, तर ती दोन वेगळ्या प्रबंधांची कागदपत्रे ठरतात. ही तीन पृष्ठे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

पीएच.डी.च्या प्रबंधाला हाच क्रम विद्युत् प्रतीतही उपयोगी पडतो. असे प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात ठेवले जातात. तेथे शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्र क्रमांकित धारिका म्हणून दिसते. कागदावरील क्रम नीट असेल, तर या धारिका पाडणे सोपे जाते.

४.२.७ पाचवी पायरी : विभाग आणि पृष्ठक्रमांक

एकाच धारिकेत दोन प्रकारचे क्रमांक हवे असतील, तर ती धारिका दोन विभागांत पाडावी लागते. येथे दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतील फरक जाणावा. Ctrl+Enter दाबल्याने केवळ नवे पान सुरू होते; विभाग तोच राहतो. Layout, Breaks येथे Section Breaks खालील Next Page निवडल्यास नवे पानही सुरू होते आणि नवा विभागही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. Home मधील ¶ हे चिन्ह दाबले की पहिल्या ठिकाणी Page Break आणि दुसऱ्या ठिकाणी Section Break (Next Page) असे शब्द उमटतात.

नमुना-प्रबंधात संक्षेपसूचीच्या शेवटी असा विभाग पाडावा. नंतर पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या तळाशी दोनदा टिचकी मारावी आणि Link to Previous बंद करावे. हे आधी केले नाही, तर एका विभागातील बदल दुसऱ्या विभागातही उतरतो. त्यानंतर Page Number, Format Page Numbers येथे पहिल्या विभागासाठी i, ii, iii आणि दुसऱ्यासाठी देवनागरी अंक निवडून Start at येथे १ ठेवावे. वर्डमध्ये लेखनभाषा म्हणून हिंदी जोडलेली असल्यास देवनागरी अंकांचा पर्याय त्या यादीत येतो. अंक कोणतेही असोत, पानावर आणि अनुक्रमणिकेत ते एकाच लिपीत असावेत.

शीर्षकपृष्ठ मोजले जाते, पण त्यावर क्रमांक छापत नाहीत. त्यासाठी पहिल्या विभागात Different First Page हा पर्याय चालू करावा. मग प्रतिज्ञापत्रावर रोमन दोन हा पहिला दिसणारा क्रमांक येतो.

नमुना-प्रबंधात नीरेच्या दोन्ही काठांचा एक आडवा नकाशा आहे. आडव्या पानासाठी त्याच्या आधी आणि नंतर असे दोन विभाग पाडावे लागतात. या नव्या विभागांत Continue from previous section हेच निवडलेले असावे. अन्यथा नकाशानंतरचे पान पुन्हा १ होते. वेगवेगळ्या धारिकांतून प्रकरणे एकत्र आणली असतील, तर हाच दोष प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी आढळतो. तो ओळखण्याची खूण म्हणजे अनुक्रमणिकेत एकाहून अधिक प्रकरणांपुढे १ हा आकडा येणे. आडव्या पानाचा माथा बांधणीच्या बाजूला येतो, म्हणून दीड इंचाचा समास त्याच्या वरच्या कडेला आहे ना, हेही पाहावे.

विभागाची खूण नकोशी वाटली म्हणून पुसू नये. ती पुसताच आधीचा विभाग पुढच्या विभागाची मांडणी घेतो. प्रारंभिक पृष्ठांचे रोमन अंक अचानक देवनागरी झाले, तर बहुधा हेच घडलेले असते.

४.२.८ सहावी पायरी : प्रबंधांतर्गत संदर्भ

येथवरची कामे यंत्र करते. ही पायरी मात्र वाचूनच करावी लागते. मूळ मसुद्यात विद्यार्थ्याने ‘पाहा, पृ. ९६ वरील नकाशा’ असे हाताने लिहिले होते. तेव्हा मुख्य मजकूर ९ व्या पानापासून सुरू होत असल्याने तो मजकुराचा ८८ वा पृष्ठभाग होता. ८८ ला १.६३ ने गुणता आता तो १४३ च्या आसपास गेला आहे. पृ. ९६ वर परीक्षकाला दुसरेच काही सापडेल.

Ctrl+F ने ‘पृ.’ शोधल्यास असे सर्व उल्लेख सापडतात. परंतु तेथे दोन वेगळ्या प्रकारचे आकडे हाती येतात. एक, आपल्याच प्रबंधातील पानांचे. हे बदलले पाहिजेत. दुसरे, आधारग्रंथांतील पानांचे. हे कधीही बदलता कामा नयेत. त्यांच्यामागे ग्रंथकर्त्याचे नाव किंवा प्रकाशनवर्ष असते, तर पहिल्यांमागे ‘पाहा’, ‘वर’, ‘पुढे’ असे शब्द असतात. म्हणून Replace All ही आज्ञा येथे सर्वथा वर्ज्य समजावी. एकेक उल्लेख वाचून निर्णय घ्यावा.

स्थलनामांची सूची हा यापेक्षा मोठा प्रश्न आहे. प्रत्येक नावापुढे हाताने पृष्ठक्रमांक लिहिले असतील, तर ते सर्वच आता चुकीचे आहेत. अशा प्रबंधात सामग्रीतील प्रत्येक नावाला नोंदक्रमांक द्यावा आणि सूचीत व मजकुरात त्याचाच उल्लेख करावा. ‘नोंद ४७’ ही समास, टंक किंवा अंतर बदलले तरी नोंद ४७ च राहते. कोशांत आणि बोलीभाषांच्या सामग्रीसंग्रहांत हीच पद्धत सोयीची ठरते.

४.२.९ अखेरची पायरी : अनुक्रमणिका व मुद्रण

प्रकरणांच्या आणि उपविभागांच्या शीर्षकांना Heading 1, Heading 2 या शैली दिलेल्या असतील, तर References, Table of Contents येथून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. ती तयार असल्यास तिच्यावर F9 दाबून Update entire table निवडावे. हे दोनदा करावे. पहिल्या वेळी अनुक्रमणिका स्वतःच एखादे पान वाढते आणि तिच्यानंतरच्या सूचींचे रोमन अंक बदलतात. दुसऱ्या वेळी ते बदललेले अंक तिच्यात येतात.

त्यानंतर आपल्याच संगणकावर पीडीएफ प्रत करावी आणि मुद्रणासाठी तीच द्यावी. वर्डची धारिका दिल्यास, मुद्रणालयातील संगणकावर आपला टंक नसेल तर दुसरा टंक येतो आणि सर्व पाने पुन्हा सरकतात. मुद्रकाला Actual size वर छापण्यास सांगावे. Fit निवडल्यास पान किंचित लहान होते आणि नीट घेतलेले समास बदलतात. एक पान छापून पट्टीने मोजावे : डावीकडे ३८ मिलिमीटर भरले पाहिजेत. मग अनुक्रमणिकेतील किमान पाच नोंदी, एक नकाशा आणि एक प्रबंधांतर्गत संदर्भ प्रत्यक्ष पाने उलटून पाहावेत. बांधणीपूर्वी सापडलेली चूक एक पान बदलून सुधारते. बांधणीनंतर सापडली, तर संपूर्ण प्रत पुन्हा करावी लागते.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(अ) आडव्या नकाशानंतरच्या पानावर पुन्हा १ हा क्रमांक आला. कोणता पर्याय तपासावा?
(आ) ‘पृ.’ शोधून सर्व आकडे एकदम का बदलू नयेत?

४.३ सारांश

पृष्ठक्रमांक हे टंक, समास व ओळींतील अंतर यांवर अवलंबून असतात. म्हणून ते या तिन्हींनंतर आणि अनुक्रमणिकेच्या आधी निश्चित करावेत. मराठी प्रबंधात जुन्या संकेतनातील मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून सामग्री मूळ नोंदींशी ताडावी. प्रारंभिक व मुख्य भागांना वेगळे क्रमांक देण्यासाठी विभाग पाडावे लागतात. हाताने लिहिलेले अंतर्गत संदर्भ मांडणी बदलताच खोटे ठरतात. ते वाचूनच सुधारावेत.

४.४ पारिभाषिक शब्द

समास – पानाच्या चारही कडांना सोडलेली कोरी जागा.
धारिका – संगणकात एका नावाने जतन केलेला मजकूर.
बिंदू – टंकाचा आकार मोजण्याचे परिमाण; ७२ बिंदू म्हणजे १ इंच.
संकेतन – अक्षरांना संगणकात दिलेल्या क्रमांकांची व्यवस्था.
प्रारंभिक पृष्ठे – पहिल्या प्रकरणापूर्वीची सर्व पृष्ठे.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – (अ) ३२ भागिले १६ म्हणजे २. मजकूर सुमारे १८० पृष्ठांचा होईल. (आ) ते प्रकरण युनिकोडपूर्व टंकात लिहिलेले आहे. Ctrl+Z ने बदल मागे घ्यावा आणि प्रकरण परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावे.
प्रश्न २ – (अ) नकाशानंतरच्या विभागात Continue from previous section निवडले आहे का, हे तपासावे. (आ) त्यांत आधारग्रंथांचे पृष्ठक्रमांकही असतात. ते मूळ ग्रंथाप्रमाणेच राहिले पाहिजेत.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. अनुक्रमणिका सर्वांत शेवटी का तयार करावी, हे उदाहरणासह स्पष्ट करा.
२. देवनागरी मजकुरात ओळींतील अंतर ठरवताना कोणती विशेष काळजी घ्यावी लागते?
३. प्रारंभिक पृष्ठांच्या क्रमामागील विचार सांगून आपल्या विद्यापीठाच्या नियमातील क्रमाशी त्याची तुलना करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक बांधलेला मराठी प्रबंध घ्या. त्याचा डावा समास पट्टीने मोजा, पानावरील ओळी मोजा आणि अनुक्रमणिकेतील दहा नोंदी प्रत्यक्ष पानांशी ताडून पाहा. आढळलेली प्रत्येक तफावत कोणत्या पायरीवर निर्माण झाली असावी, याची एका पानाची टीप लिहा.